जुलाबानंतर शहाळं की जलसंजीवनी: पाणी, मीठ आणि साखरेचा हिशेब

घरात कुणाला जुलाब लागले की पहिली धाव कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे जाते. शहाळं स्वच्छ, गोड, पोटाला हलकं आणि आजारी माणूसही ते आवडीनं पितो. ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, मात्र खारट-गोड, चवीला कशीशीच, आणि मुलं ती तोंडातून बाहेर काढतात. त्यामुळे 'शहाळ्यात सगळे क्षार असतातच, पुडी कशाला' असं म्हणून पुडी बाजूला पडते. यातलं अर्धं खरं आहे. शहाळ्यात क्षार भरपूर असतात, पण जुलाबात ज्या क्षाराची भरपाई सर्वात महत्त्वाची, तो सोडियमच त्यात कमी असतो.

शरीरातून जातं काय

पातळ शौचातून पाण्याबरोबर मुख्यतः सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट जातं. किती जातं हे कारणावर ठरतं. लहान मुलांच्या विषाणूजन्य जुलाबात एका लिटरमागे साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम आणि 1500 मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. कॉलऱ्यात मोठ्या माणसाचं लिटरमागे 3000 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. म्हणजे जुलाब जितके तांदळाच्या धुवणासारखे आणि लोटासारखे, तितकी मिठाची गरज मोठी.

सोडियमला एवढं महत्त्व का, तर रक्तातलं आणि पेशींबाहेरचं पाणी धरून ठेवण्याचं काम तेच करतं. ते गेलं की वरून कितीही पाणी प्यायलं तरी ते टिकत नाही. शिवाय आतड्याच्या भिंतीतून पाणी आत घ्यायचं असेल तर त्यासाठीही सोडियमच लागतं. तिथे एक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम एकत्र असतील तेव्हाच दोघांना पेशीत ओढतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हा रस्ता बहुतेक वेळा उघडा राहतो. तोंडावाटे दिलेलं द्रावण सलाइनइतकं उपयोगी पडतं ते याच कारणानं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

दोन्ही पेयं शेजारी ठेवून

जागतिक आरोग्य संघटनेनं 2002 पासून शिफारस केलेल्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. यातून लिटरमागे साधारण 1725 मिलिग्रॅम सोडियम आणि 780 मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. सोडियम आणि ग्लुकोजचे रेणू बरोबरीनं ठेवलेले असतात, कारण आतड्याला ते जोडीनंच हवे असतात.

शहाळ्याचं पाणी असं मापात बांधता येत नाही. झाडाची जात, जमीन, खत आणि मुख्य म्हणजे फळाचं वय, यावर ते बदलतं. तरी ढोबळ चित्र ठरलेलं आहे. लिटरमागे सोडियम बहुधा 100 ते 500 मिलिग्रॅम, पोटॅशियम 2000 मिलिग्रॅमच्या आगेमागे, आणि साखर 30 ते 45 ग्रॅम. ओआरएसच्या तुलनेत सोडियम बहुधा चौथाईहून कमी, पोटॅशियम अडीचपट आणि साखर सव्वादोन ते सव्वातीनपट.

साखर जास्त म्हणजे ताकद जास्त असं वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे ते उलटं पडतं. आतड्यातला द्रव रक्तापेक्षा दाट झाला की पाणी रक्तातून आतड्याकडे ओढलं जातं आणि जुलाब पातळ होतात. रक्ताचा हा दाटपणा 285 च्या आसपास मोजला जातो. आताची ओआरएस 245 आहे, म्हणजे मुद्दाम रक्तापेक्षा पातळ ठेवलेली. आधीची 311 होती. ती बदलल्यावर मुलांमधली उलटी आणि शौचाचं प्रमाण कमी झालेलं दिसलं, म्हणूनच बदल कायम झाला. शहाळ्याचं पाणी बहुधा 300 ते 400 मध्ये, कधी त्याहून वर जातं. त्यातली सगळी साखर ग्लुकोजही नसते. कोवळ्या फळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, फळ जून होत जातं तशी त्यात उसाच्या साखरेची भर पडते. फ्रुक्टोज सोडियमच्या जोडीनं आत जात नाही.

एक गोष्ट मात्र शहाळ्याच्या बाजूची आहे. विषाणूजन्य जुलाबात पोटॅशियम भरपूर जातं, आणि ते कमी पडलं की हातपाय गळतात, पोट फुगतं, आतड्याची हालचाल मंदावते. तिथे शहाळं खरोखर कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही कोवळ्या नारळाचं पाणी घरी देण्याजोग्या पेयांत येतं, पण 'ज्यात मीठ नाही' अशा पेयांच्या यादीत, साध्या पाण्याच्या आणि बिनमिठाच्या भाताच्या पाण्याच्या पंक्तीला. त्याची जागा तीच.

एका मुलाचा हिशेब

तीन वर्षांचं, 12 किलो वजनाचं मूल धरू. रात्रीपासून सात-आठ पातळ जुलाब आणि दोन उलट्या झाल्या आहेत. सकाळी ते चिडचिडं आहे, डोळे जरा खोल गेलेत, पाण्याचा पेला दिसला की झडप घालतं. पोटावरची कातडी बेंबीच्या बाजूला दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट न होता सावकाश बसते. चिमूट उभी धरावी, आडवी नाही, आणि ती फार कुपोषित किंवा गुटगुटीत मुलात फसवी ठरू शकते, म्हणून बाकीच्या खुणांबरोबरच वाचावी. वरच्या खुणांतल्या दोन किंवा जास्त असल्या तर मूल 'काही प्रमाणात शुष्क' धरतात आणि किलोमागे 75 मिली ओआरएस चार तासांत देतात. 12 किलोला 900 मिली झाले.

आता तेच 900 मिली दोन्हीकडून मोजू. ओआरएसमधून मुलाला साधारण 1550 मिलिग्रॅम सोडियम, 700 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 12 ग्रॅम ग्लुकोज मिळेल. सोडियम लिटरमागे 200 मिलिग्रॅम धरलं तर शहाळ्यातून मिळेल 180 मिलिग्रॅम सोडियम, 1800 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 27 ते 40 ग्रॅम साखर. मुलाचं 1000 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम गेलेलं असेल तर शहाळं त्याचा पाचवा हिस्साही भरत नाही. पोटात पाणी गेलं, जीभ ओली झाली, पण रक्तातलं सोडियम आणखी पातळ झालं. अशा मुलाचं लक्षण आईवडिलांना हमखास फसवतं. मूल शांत होतं, डोळे मिटून पडतं, आणि 'रात्रभर जागलंय, आता झोपू दे' म्हणून कुणी हलवत नाही. ही झोप नसून गुंगी असू शकते. हाक मारून, गुदगुल्या करून, पेला ओठाला लावून पाहावं. मूल नीट जागं होत नसेल किंवा प्यायला तोंड उघडत नसेल तर ते गंभीर आहे आणि त्याला लगेच दवाखान्यात न्यायला हवं. अशा मुलाला तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

ओआरएस करायची आणि पाजायची कशी

आधी पुडीवर वाचा की ती किती पाण्यासाठी आहे. मोठी पुडी, वीस-एकवीस ग्रॅमची, 1 लिटरची असते. छोटी साधारण 4 ग्रॅमची, 200 मिलीची. घोळ इथेच होतो. मोठी पुडी एका पेल्यात ढवळून पाजली तर द्रावण पाचपट दाट होतं, आणि ते लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. उलट 'चव लागत नाही, थोडी पातळ करू' म्हणून दोन लिटरमध्ये टाकली तर सोडियम निम्मं होतं. पुडीचा अर्धा भाग आज आणि अर्धा उद्या असंही करू नये, कारण क्षार आणि ग्लुकोज पुडीत समान मिसळलेले असतीलच असं नाही.

हात साबणानं धुवा. 1 लिटर उकळून गार केलेलं किंवा गाळलेलं पिण्याचं पाणी मापून स्वच्छ भांड्यात घ्या. घरात माप नसेल तर 1 लिटरची बंद पाण्याची बाटली फोडून सगळी भांड्यात ओता, हे सर्वात सोपं माप. पूर्ण पुडी टाका आणि विरघळेपर्यंत ढवळा. त्यात साखर, लिंबू, दूध, सरबताचा अर्क काही घालू नका. केल्यावर उकळू नका. झाकून ठेवा आणि 24 तासांत उरलेलं फेका. चाखून पाहिलं तर ते डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट लागावं, त्याहून जास्त खारट लागलं तर माप चुकलं आहे.

आपल्या 12 किलोच्या मुलाला चार तासांत 900 मिली, म्हणजे तासाला 225 मिली, म्हणजे दर पाच मिनिटांना चार छोटे चमचे. पेला हातात दिला की तहानलेलं मूल गटागट पिऊन ओकतं, म्हणून चमचा किंवा छोटी वाटी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असा वेग ठेवा. उलटीत सगळं बाहेर पडल्यासारखं दिसलं तरी बराच भाग आत राहिलेला असतो, तेव्हा उलटी झाली म्हणून द्रावण बंद करायचं कारण नाही. मूल जास्त मागत असेल तर द्या, आणि पापण्या सुजल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी किंवा दूध द्या.

चार तासांनी परत पाहा. डोळे ठीक, चिमूट लगेच बसते, लघवी झाली, मूल खेळायला मागतंय, तर पुढे दर पातळ शौचामागे मोजून द्यायचं: दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली, मोठ्यांना हवं तेवढं. लक्षणं तशीच राहिली तर त्याच मापानं दुसरे चार तास, पण आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शौचात रक्त, सहा तासांहून जास्त लघवी नाही, उलट्या थांबतच नाहीत, जोराचा ताप, किंवा जुलाब तांदळाच्या धुवणासारखे आणि पाण्यासारखे लोटताहेत, यातलं काहीही असेल तर घरी चार तास वाट बघू नये.

मुलांना ओआरएसबरोबर झिंकही लागतं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखालच्याला 10 मिलिग्रॅम. आपल्याकडे ते 14 दिवस देतात, जुलाब तीन दिवसांत थांबले तरी. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालू ठेवायचं. सहा महिन्यांखालच्या बाळाला शहाळं देऊ नये.

शहाळं बसतं कुठे

मोठ्या माणसाला दिवसात तीन-चार पातळ जुलाब झाले, तहान फार नाही, लघवी नेहमीसारखी होतेय, जेवण जातंय. इथे शहाळं पिण्यात काही गैर नाही, पण जेवणात मीठ असू द्या. मीठ घातलेली पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, मऊ भात आणि वरण, हे शहाळ्याच्या बरोबरीनं गेलं की त्याची मिठाची उणीव भरून निघते. कोकणात पेज आणि शहाळं दोन्ही हाताशी असतात, आणि त्या दोघांतली पेज जास्त गुणाची आहे, फक्त ती मिठाची हवी.

मुलाचं म्हणाल तर चार तासांची भरपाई झाल्यावर, भूक लागायला लागली की शहाळ्याचे घोट सुरू करता येतात. एका वेळी अर्धी वाटी, जेवणाच्या बरोबरीनं. ओआरएसचे हप्ते त्यासाठी कमी करू नका. जुलाब पुन्हा वाढल्यासारखे वाटले तर साखर हे एक कारण असू शकतं, मग शहाळं दिवसभर बंद ठेवून पाहा.

पुडी मिळतच नाही अशी वेळ असेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात छोट्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पात्यानं वरचा ढीग सरकवून. साधारण 5 मिलीचा, औषधाबरोबर येतो तसा चमचा घ्या, पोह्याचा मोठा चमचा नाही. यात मीठ आणि साखर बरी जमते, पण पोटॅशियम मुळीच नसतं. शहाळं इथे नेमकं उपयोगी पडतं: साखर-मीठ-पाणी मापानं द्या आणि मधल्या वेळेत शहाळ्याचे थोडे घोट किंवा कुस्करलेलं केळं. दोन्ही एका भांड्यात मात्र ओतू नका.

मिसळण्याचे उद्योग

शहाळ्यातच ओआरएसची पुडी ढवळून देण्याची कल्पना अनेकांना सुचते, चव सुधारते म्हणून. त्यात शहाळ्याचं आणि पुडीचं पोटॅशियम एकत्र होऊन लिटरमागे 2800 मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि द्रावणाचा दाटपणा रक्ताच्या दुपटीच्या आसपास चढतो. जुलाब वाढवायला हे पुरेसं आहे.

दुसरी कल्पना शहाळ्यात चिमूटभर मीठ घालण्याची. चिमूट किती, हाच प्रश्न. सोडियम ओआरएसइतकं आणायचं तर लिटरला पावणेचार ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे छोट्या चमच्याचा दोन तृतीयांश भाग. एका शहाळ्यात 300 मिली पाणी असेल तर एक ग्रॅमहून थोडं जास्त. दोन बोटांत येणारं मीठ याच्या निम्म्यावरही जात नाही. आणि बरोबर मोजून घातलं तरी साखर तेवढीच राहते, वर मिठामुळे दाटपणा वाढतो. अर्धं शहाळं, अर्धं पाणी आणि लिटरला अर्धा चमचा मीठ असा हिशेब कागदावर बराच जमतो, पण हातातल्या फळात साखर 30 ग्रॅम आहे की 45, हे फळ सांगत नाही. घरात मोठ्या माणसाला पुडी येईपर्यंत तासभर चालवायला ते ठीक, लहान मुलाला त्यावर सोपवू नये.

अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरतं की शहाळ्याचं पाणी सलाइनसारखं शिरेतून देतात. 2000 साली सॉलोमन बेटांवरच्या एका रुग्णाला दुसरं काहीच उपलब्ध नसताना ते दिल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. ते अडचणीतलं धाडस होतं, आणि त्यावरून शहाळं सलाइनच्या तोडीचं ठरत नाही.

शहाळं घेताना फळ तुमच्यासमोर फोडून घ्या आणि लगेच प्या. मलई जाड झालेल्या जून फळाच्या पाण्यात उसाच्या साखरेची भर पडलेली असते, जुलाबात पातळ मलईचं कोवळं फळ मागा. आधीच काढून पिशवीत भरलेलं पाणी उन्हात लवकर आंबायला लागतं. शहाळेवाल्याचा कोयता, फळांवर मारलेलं पाणी आणि पुन्हा वापरलेल्या नळ्या, यातून ज्या जंतूंमुळे जुलाब झाले तेच परत येऊ शकतात. खोबऱ्याच्या नारळाचं पाणी आणि शहाळ्याचं पाणी एक नाही, हे देवघरातला नारळ फोडताना ध्यानात ठेवा.

डब्यातल्या किंवा पेटीतल्या गोड 'क्षारयुक्त' पेयांवर 'ओआरएस' असं लिहिलेलं पूर्वी दिसायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. जुना साठा दिसला तर घटक वाचा: 1 लिटरला सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम असेल तरच ती औषधाच्या दुकानातली ओआरएस.

पोटॅशियम ज्यांना जपून घ्यावं लागतं त्यांचं वेगळं आहे. मूत्रपिंडाचा आजार असणारे, डायलिसिसवरचे, आणि रक्तदाबासाठी टेल्मीसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणारे, यांच्या रक्तात पोटॅशियम सहज चढू शकतं. जुलाबानं पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला ताण पडलेला असताना दिवसात तीन-चार शहाळी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. अशांनी शहाळं टाळून ओआरएसही डॉक्टरांना विचारून घ्यावी. गोळ्या चालू ठेवायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं, कारण अंगात पाणी कमी असताना यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. मधुमेहींनी साखर आहे म्हणून ओआरएस टाळू नये, लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज फार नाही. तेवढ्याच पाण्यातून शहाळं त्याच्या दुपटीहून जास्त साखर देतं.